लिंक ‘अप’, सेवा ‘डाउन’, आणि रेझ्युमेत न लिहिलेली ओळ

पत्र: मी सहा वर्षं नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम करतेय. ‘इन्फ्रास्ट्रक्चर सपोर्ट इंजिनिअर, एल-२’ या जागेसाठी अर्ज करायचाय. जाहिरातीतल्या मुख्य मागण्या अशा: सीसीएनपी किंवा समकक्ष रूटिंग सर्टिफिकेशन, ओएसपीएफ आणि बीजीपीचा प्रत्यक्ष अनुभव, मॉनिटरिंग टूल सांभाळणं, अलर्ट ट्यून करणं, पी-१ आणि पी-२ इन्सिडेंट शेवटपर्यंत हाताळून आरसीए लिहिणं, ऑन-कॉल. माझ्या रेझ्युमेत आहे: ‘सीसीएनए, सीसीएनपी (एन्कोर)’, ‘झॅबिक्स, सोलरविंड्स, पीआरटीजी, नेगिओस, ग्राफाना, प्रोमिथियस, वायरशार्क’, ‘नेटवर्कच्या समस्या सोडवल्या, ९९.९ टक्के अपटाइम राखला’. खरं सांगायचं तर सीसीएनए चार वर्षांपूर्वीचं आहे, मी त्याचं नूतनीकरण केलेलं नाही. एन्कोर गेल्या वर्षी पास झाले, पुढची परीक्षा राहिलीय. झॅबिक्स रोज वापरते, ग्राफाना थोडंफार, बाकीची नुसती पाहिली आहेत. एका शाखेची लिंक ‘अप’ दिसत असतानाच अधूनमधून दोन-तीन मिनिटं बंद पडायची. शेवटी बीजीपीवर बीएफडी लावून ते थांबवलं. ते कुठे लिहावं कळेना म्हणून लिहिलंच नाही. माझा रेझ्युमे या जाहिरातीला कितपत जुळतो?

उत्तर: जुळतो, पण जी गोष्ट सगळ्यात जास्त जुळते तीच कागदावर नाही. रूटिंग, मॉनिटरिंग आणि इन्सिडेंट या मागण्या जाहिरातीत वेगवेगळ्या ओळींत असल्या तरी एल-२च्या खुर्चीत त्या एकाच वेळी समोर येतात. अलर्ट वाजतो किंवा वाजायला हवा असताना वाजत नाही, रूटिंग टेबलमध्ये काहीतरी हललेलं असतं, आणि तिकिटाचं घड्याळ चालू असतं. पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही ज्या लिंकचा उल्लेख केलाय, तिच्यात या तिन्ही मागण्यांचा पुरावा आहे. तिच्यावर सविस्तर लिहितो. त्याआधी सर्टिफिकेशनची ओळ दुरुस्त करायला हवी, कारण आत्ता आहे तशी ती पाठवलीत तर पुढचं सगळं संशयाने वाचलं जाईल.

‘सीसीएनपी (एन्कोर)’ असं लिहू नका. सिस्कोने फेब्रुवारी २०२०मध्ये परीक्षांची रचना बदलली. तेव्हापासून सीसीएनपी एंटरप्राइझसाठी दोन परीक्षा लागतात: एक कोअर, म्हणजे `350-401 ENCOR`, आणि दुसरी ठरावीक यादीतून आपण निवडलेली कॉन्सन्ट्रेशन परीक्षा. दोन्ही झाल्याशिवाय सीसीएनपी हे नाव लावता येत नाही. एकटी एन्कोर पास झाल्यावर जे मिळतं त्याचं नाव आहे `Cisco Certified Specialist – Enterprise Core`. ते स्वतंत्र सर्टिफिकेशन आहे, तीन वर्षं वैध असतं आणि त्याचा वेगळा डिजिटल बॅज मिळतो. तुमचा हेतू फसवण्याचा नाही हे उघड आहे. कंसात एन्कोर लिहून तुम्ही खरं तेच सांगायचा प्रयत्न केलाय. पण पडताळणी करणारा माणूस बॅज उघडतो, त्याला तिथे सीसीएनपी दिसत नाही, आणि तुमचा हेतू विचारायला तो फोन करत नाही.

सीसीएनएच्या बाबतीत मात्र लगेच ‘संपलं’ म्हणू नका, आधी दोन तारखा ताडून पाहा. सीसीएनए तीन वर्षं वैध असतं. म्हणजे चार वर्षांपूर्वीचं तुमचं सीसीएनए साधारण वर्षभरापूर्वी संपायला हवं होतं, आणि एन्कोर तुम्ही गेल्या वर्षीच पास झालात. वरच्या पातळीची कोअर परीक्षा पास झाली की त्या दिवशी चालू असलेलं सीसीएनए आपोआप नूतनीकृत होतं आणि तिथून पुढे तीन वर्षं धरली जातात. एन्कोर सीसीएनएच्या मुदतीच्या आत झाली असेल तर तुमचं सीसीएनए आजही वैध आहे आणि तुम्हाला त्याची कल्पना नाही. मुदत संपल्यानंतर झाली असेल तर ते परत जिवंत होत नाही. संपलेलं सर्टिफिकेशन पुन्हा परीक्षा देऊनच मिळतं. सिस्कोच्या सर्टिफिकेशन खात्यात लॉगिन केलंत की प्रत्येकाची स्थिती आणि शेवटची तारीख दिसते. अंदाजाने लिहू नका, ती तारीख बघून लिहा.

सीसीएनए संपलेलं निघालं तर दोन मार्ग आहेत. ते काढून टाकायचं, किंवा मिळाल्याचं आणि संपल्याचं अशी दोन्ही वर्षं लिहायची. आमच्या मते तुमच्याकडे त्याहून वरच्या पातळीचं चालू स्पेशालिस्ट सर्टिफिकेशन असल्याने सीसीएनए काढलं तरी काही बिघडत नाही. ठेवायचंच असेल तर नुसतं ‘सीसीएनए’ ठेवू नका, कारण वर्ष न लिहिलेलं सर्टिफिकेशन वाचणारा चालू आहे असंच समजतो.

आता अडचण अशी की भरती विभागातला माणूस अर्जांच्या गठ्ठ्यात ‘सीसीएनपी’ हा शब्द शोधणार. तो शब्द खरेपणाने आणता येतो: ‘सीसीएनपी एंटरप्राइझ: कोअर परीक्षा पास, महिना आणि वर्ष, कॉन्सन्ट्रेशन परीक्षा `300-410 ENARSI`, नोंदवलेली तारीख अमुक’. यात सीसीएनपी मिळालं असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी शोधात शब्द सापडतो. पण तारीख खरोखर नोंदवलेली असेल तरच हे लिहा. ‘तयारी चालू आहे’ ही ओळ कोणीही लिहू शकतो, म्हणून तिला कोणी वजन देत नाही. कोअर आणि कॉन्सन्ट्रेशन या दोन्ही परीक्षा एकमेकींपासून तीन वर्षांच्या आत व्हाव्या लागतात, म्हणून तुमच्याकडे वेळ आहे, पण अमर्याद नाही.

कॉन्सन्ट्रेशनमध्ये एनार्सी का, तर जाहिरातीत ‘रूटिंग’ सर्टिफिकेशन मागितलंय म्हणून. एन्कोरमध्ये रूटिंग आहे, पण ते व्हर्च्युअलायझेशन, सुरक्षा, ऑटोमेशन यांच्या रांगेत बसलेलं आहे. रीडिस्ट्रिब्यूशन, रूट-मॅप, बीजीपीमध्ये मार्ग कसा निवडला जातो, आणि हे सगळं बिघडल्यावर कसं शोधायचं, हा एनार्सीचा गाभा आहे. जागा सपोर्टची असल्याने ‘बिघडल्यावर’ हा भागच त्यांना हवा आहे.

रूटिंगबद्दल आणखी एक उणीव आहे. जाहिरात ओएसपीएफ मागते आणि पत्रात दिलेल्या तुमच्या ओळींत ते कुठेच दिसत नाही. कौशल्यांच्या यादीत नाव घालून भागणार नाही. किती राउटर होते, किती एरिया होते आणि त्यात तुम्ही काय केलंत, एवढं एका वाक्यात यावं. मुलाखतीत यावर येणारा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नेबर `EXSTART`मध्ये अडकलाय, काय बघाल? उत्तर असं की दोन्ही टोकांचा एमटीयू जुळतो का ते बघायचं. हॅलो पॅकेट छोटी असल्याने ती जातात, म्हणून नेबर दिसतो, पण डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होताना एमटीयू ताडला जातो आणि तिथे गाडी थांबते. `ip ospf mtu-ignore` लावलं की नेबर `FULL` होतो. फरक मात्र तसाच राहतो आणि पुढे मोठी पॅकेट गळत राहतात. हे तुम्ही कामात पाहिलं असेल तर ओएसपीएफची ओळ निर्धास्त लिहा. नसेल, तर जेवढं केलंय तेवढंच लिहा.

मॉनिटरिंगच्या ओळीत सात नावं आहेत. त्यातलं एक तुम्ही चालवता, एक थोडं येतं, चार पाहिलेली आहेत, आणि वायरशार्क मॉनिटरिंग टूल नाहीच, ते पॅकेट पकडून तपासायचं साधन आहे. अशी यादी वाचून अनुभवी माणूस ‘हिला सात टूल येतात’ असं म्हणत नाही. ‘यातलं नेमकं कुठलं येतं’ असा प्रश्न त्याला पडतो, आणि तो बरोबर तेच टूल निवडून प्रश्न विचारतो जे तुम्ही नुसतं पाहिलंय. झॅबिक्स एकटं पुढे आणा, ग्राफाना ‘डॅशबोर्डपुरतं’ असं लिहा, वायरशार्क निदानाच्या साधनांत हलवा, बाकीची चार काढून टाका. जाहिरातीने कुठल्याही टूलचं नाव घेतलेलं नाही. तिने ‘सांभाळणं’ आणि ‘अलर्ट ट्यून करणं’ ही क्रियापदं दिली आहेत, तेव्हा तुमच्या ओळीतही क्रियापदंच हवीत.

झॅबिक्सबद्दल काय लिहायचं? किती उपकरणं देखरेखीखाली होती, माहिती एसएनएमपीच्या कुठल्या आवृत्तीने आणि किती सेकंदांनी घेतली जात होती, आणि तुम्ही टेम्पलेट वा ट्रिगरमध्ये स्वतः काय बदललंत. तिसरा भाग सगळ्यात मोलाचा आहे. एखादी अपस्ट्रीम लिंक गेली की तिच्यामागच्या सगळ्या उपकरणांचे अलर्ट एकदम वाजतात. त्यावर तुम्ही ट्रिगर डिपेन्डन्सी लावल्या असतील, म्हणजे वरचा राउटर गेला असेल तर खालच्यांनी गप्प राहावं अशी व्यवस्था केली असेल, तर ते लिहा. एखादा अलर्ट ९० टक्क्यांच्या आसपास सतत उघडझाप करत असेल आणि तुम्ही तो उघडायला ९० आणि बंद व्हायला ७५ अशा दोन वेगळ्या मर्यादा ठेवल्या असतील, तर तेही लिहा. अलर्ट ट्यून करणं म्हणतात ते हेच. निम्मे अलर्ट नुसते बंद करून टाकणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे, आणि मुलाखत घेणाऱ्याला हा फरक कळतो.

एक तपासणी मात्र रेझ्युमे पाठवण्याआधीच करून ठेवा, कारण ‘बँडविड्थचं मॉनिटरिंग केलं’ या ओळीवर ती हमखास विचारली जाऊ शकते. इंटरफेसवरचा ट्रॅफिक मोजायला `ifInOctets` हा ३२ बिटांचा काउंटर वापरलाय की `ifHCInOctets` हा ६४ बिटांचा? ३२ बिटांचा काउंटर साधारण ४२९ कोटी बाइटांनंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरलेली असेल तर त्याला सुमारे ३४ सेकंद लागतात. माहिती पाच मिनिटांनी एकदा घेतली जात असेल तर मधल्या फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. याची खूण आलेखात दिसते. लिंक गिगाबिटची, लोक तक्रार करतायत की सगळं मंद आहे, आणि आलेख सुमारे ११५ मेगाबिटच्या वर कधीच चढत नाही, कारण पाच मिनिटांत ३२ बिटांच्या काउंटरला तेवढाच वेग दाखवता येतो. तुमच्या झॅबिक्समध्ये कुठला काउंटर आहे ते आजच बघा. ३२ बिटांचा निघाला आणि तुम्ही तो बदललात, तर रेझ्युमेत लिहिण्याजोगं एक खरं काम आणखी वाढेल.

आता त्या लिंककडे येतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं नेटवर्कवाल्यांना ओळखीची आहेत. राउटर आणि सेवादात्याचं उपकरण यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असतो. बिघाड त्याच्या पलीकडे होतो, पण राउटरला समोरचं पोर्ट जिवंत दिसतं, म्हणून इंटरफेस ‘अप’ राहतो. बीजीपीला बिघाड कळायचा एकच मार्ग उरतो: कीपअलाइव्ह येणं थांबलं हे लक्षात येणं. सिस्कोच्या राउटरवर कीपअलाइव्ह मूळ मांडणीत दर ६० सेकंदांनी जातो आणि होल्ड टाइम १८० सेकंदांचा असतो. शेवटचा कीपअलाइव्ह बिघाडाच्या आधी किती सेकंद आला होता त्यावर अवलंबून, बिघाडानंतर १२० ते १८० सेकंदांनी सेशन पडतं आणि ट्रॅफिक पर्यायी मार्गाने वळतो. तुमची ‘दोन-तीन मिनिटं’ नेमकी तिथून आली.

झॅबिक्स गप्प का राहिलं, हा यातला जास्त बोलका भाग आहे. पिंगचा नेहमीचा ट्रिगर असा असतो:

```
max(/BR-RTR/icmpping,#3)=0
```

म्हणजे सलग तीन तपासण्या फसल्या तरच अलर्ट. तपासणी मिनिटाला एक असेल तर तिसरी तपासणीही बिघाडानंतर १२० ते १८० सेकंदांच्या दरम्यानच येते. त्या आधी पर्यायी मार्ग लागला तर तिसरा पिंग यशस्वी होतो आणि अलर्ट वाजतच नाही. उशिरा लागला तर वाजतो. म्हणून अशा बिघाडात अलर्ट कधी दिसतो, कधी नाही, आणि वापरणारे सांगत राहतात की लिंक जाते तर डॅशबोर्ड सगळं हिरवं दाखवतो. तुमच्याकडे तपासणीचा अंतराल किती होता आणि ट्रिगर कसा होता ते जुन्या मांडणीत बघून घ्या. वेगळा असेल तर हिशोबही वेगळा निघेल, आणि लिहायचा तो तुमचाच.

पुरावा सिसलॉगमध्ये सापडायला हवा. सेशन पडल्याच्या वेळी अशी नोंद असते:

```
%BGP-3-NOTIFICATION: sent to neighbor 192.0.2.1 4/0 (hold time expired) 0 bytes
```

आणि त्याच वेळच्या आसपास `%LINEPROTO-5-UPDOWN`ची नोंद नसते. पहिली नोंद आहे आणि दुसरी नाही, एवढ्यावरून बिघाड पलीकडे आहे आणि इंटरफेसला त्याचा पत्ता नाही याचा भक्कम संकेत मिळतो. त्या तारखांच्या नोंदी तुमच्या सिसलॉग सर्व्हरवर अजून असतील तर वेळा टिपून घ्या, कारण पुढच्या आकड्यांचा आधार त्याच आहेत.

उपाय तुम्ही केलाय तोच, साधारण असा:

```
interface GigabitEthernet0/0/0
 bfd interval 300 min_rx 300 multiplier 3
router bgp 65010
 neighbor 192.0.2.1 fall-over bfd
```

३०० मिलिसेकंदांची तीन पॅकेट हुकली की ९०० मिलिसेकंदांत बिघाड कळतो. इथे शब्द जपून वापरा. ९०० मिलिसेकंद हा बिघाड *कळण्याचा* वेळ आहे, सेवा पूर्ववत होण्याचा नाही. बीजीपीने सेशन पाडून नवे मार्ग टेबलमध्ये बसवायला आणखी वेळ लागतो, आणि तो किती हे मार्गांच्या संख्येवर आणि उपकरणावर ठरतं. ‘फेलओव्हर एक सेकंदाच्या आत’ असं लिहिलंत आणि तो मोजलेला नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला अडचण होईल. बदलाच्या वेळी चाचणी म्हणून लिंक पाडून पिंग सतत चालू ठेवला असेल तर हुकलेल्या पॅकेटांवरून खरा आकडा काढता येतो. तोच लिहा, मग तो चार सेकंद असला तरी चालेल. १८० सेकंदांवरून चार सेकंदांवर येणं ही काही लहान सुधारणा नाही.

यावर दोन प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिला: सेवादात्याने बीएफडी दिलं नसतं तर? तेव्हा बीजीपीचे टायमर कमी करायचे, उदाहरणार्थ `neighbor 192.0.2.1 timers 10 30`. दोन्ही बाजूंतला कमी होल्ड टाइम लागू होतो, म्हणून ३० सेकंदांत बिघाड कळेल. टायमर बदलल्यावर सेशन पुन्हा उभं राहावं लागतं, नाहीतर जुनेच आकडे चालू राहतात. दुसरा: मग बीएफडी १०० किंवा ५० मिलिसेकंदांवर का ठेवलं नाही? कारण लिंक गर्दीने भरली किंवा राउटर बीएफडी प्रोसेसरवर चालवत असेल आणि प्रोसेसर व्यग्र झाला, तर चांगल्या लिंकवरही तीन पॅकेट हुकतात. सेशन विनाकारण पडतं, मार्ग इकडून तिकडे उड्या मारतात, आणि आधी जी तक्रार महिन्यातून एकदा होती ती रोजची होते. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येतं, त्याने बीएफडी नुसतं चिकटवलेलं नाही हे समोरच्याला कळतं.

आता हे रेझ्युमेत कसं उतरवायचं. रेझ्युमे इंग्रजीत असणार. आशय मराठीत देतो, शब्द तुम्ही बसवा:

‘शाखेची वॅन लिंक, इंटरफेस अप असताना २–३ मिनिटं वारंवार बंद. सिसलॉगमधल्या बीजीपी होल्ड-टाइम नोंदी आणि झॅबिक्सचा इतिहास ताडून बिघाड सेवादात्याच्या बाजूला असल्याचं निश्चित केलं. सेवादात्याशी समन्वय करून बीएफडी लावलं. बिघाड कळण्याचा वेळ १८० सेकंदांपर्यंत होता, तो १ सेकंदाच्या आत आला. बदलानंतर इतक्या महिन्यांत ही तक्रार पुन्हा नोंदली गेली नाही.’

यातला प्रत्येक तुकडा जाहिरातीच्या एकेका मागणीला उत्तर देतो, आणि वेगळं सांगावं लागत नाही की ‘मला बीजीपी येतं’. शेवटचं वाक्य तिकिटं बघूनच लिहा. आणि झॅबिक्सचा ट्रिगरही तुम्ही बदलला असेल, समजा तपासणी दहा सेकंदांवर आणली किंवा होल्ड-टाइमच्या सिसलॉग नोंदीवर वेगळा अलर्ट लावला, तर ते याच ओळीत येऊ द्या. बदलला नसेल तर मुलाखतीत तो प्रश्न येईल: लिंक दुरुस्त केलीत, पण पुढच्या वेळी तुम्हाला कळणार कसं? बीएफडीमुळे वापरणाऱ्यांना आता बिघाड जाणवतही नसेल, म्हणजे मुख्य लिंक वारंवार पडत असली तरी तक्रार कोणी करणार नाही. देखरेख सुधारली नसेल तर दोष फक्त झाकला गेलाय. तुम्ही आजही तिथेच काम करताय, तेव्हा तो अलर्ट लावायला उशीर झालेला नाही.

‘शेवटपर्यंत हाताळणं’ या शब्दांकडेही लक्ष द्या. सेवा परत आणणं हे इन्सिडेंटचं काम; ती पुन्हा पुन्हा का जाते हे शोधणं हे प्रॉब्लेमचं काम; कायमचा बदल करणं हे चेंजचं काम. सपोर्टच्या संघांत या तिन्हींची तिकिटं वेगळी असतात. तुमच्या प्रकरणात तिन्ही घडलंय, पण तुम्ही स्वतः यातलं काय केलंत ते नेमकं सांगा. सिसलॉग तुम्ही ताडला का? आरसीए तुम्ही लिहिला की वरिष्ठांनी? बदलाची मंजुरी, मागे फिरण्याची योजना आणि प्रत्यक्ष बदल यातलं काय तुमच्या नावावर आहे? ‘आरसीए लिहिला’ आणि ‘आरसीएसाठी नोंदी दिल्या’ या दोन्ही चांगल्या ओळी आहेत, खोटी मात्र त्यातली एकही असू नये. प्राधान्याचंही तसंच. तिकीट पी-३ म्हणून नोंदलेलं असेल तर ते रेझ्युमेत पी-१ करू नका. वारंवार येणारं पी-३ मुळापासून बंद करणं सपोर्टच्या माणसाला पी-१इतकंच पटतं. तुम्ही हाताळलेलं एखादं खरं पी-१ असेल तर ते दुसऱ्या ओळीत घ्या, आणि त्यात किती मिनिटांनी हाती घेतलंत, किती वेळाने सेवा परत आली आणि मधल्या काळात कोणाला किती वेळाने माहिती देत होतात, हे तिकिटातून उचलून लिहा.

लिहिताना ग्राहकाचं वा शाखेचं नाव, खरे आयपी आणि एएस क्रमांक गाळा. वरच्या उदाहरणातला पत्ता आणि क्रमांक उदाहरणांसाठी आणि खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत. तुमचे खरे तसेच उतरवलेत तर गोपनीयता सांभाळता येत नाही असा समज होईल, आणि इन्फ्रास्ट्रक्चरच्या जागेसाठी तो फार महागात पडतो.

‘९९.९ टक्के अपटाइम राखला’ ही ओळ काढा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटांचा खंड. पण कशाचा अपटाइम, एका लिंकचा की सगळ्या शाखांचा? कुठून मोजला? ठरवून केलेली देखभाल धरून की वगळून? आणि तुमच्या त्या दोन-तीन मिनिटांच्या बिघाडांत इंटरफेस अपच होता, म्हणजे मोजणी इंटरफेसवरून होत असेल तर ते खंड या आकड्यात आलेच नाहीत. अपटाइम संपूर्ण संघाचा आणि सेवादात्यांचा मिळून असतो, म्हणून तो एकट्याच्या नावावर शोभत नाही. ‘समस्या सोडवल्या’ हेही त्याच्याबरोबर जाऊ द्या. लिंकची ओळ आल्यावर त्याची गरज उरत नाही.

ऑन-कॉल केलं असेल तर वेगळी छोटी ओळ: किती जणांच्या रोटेशनमध्ये, दर किती आठवड्यांनी, आणि रात्री पहिला फोन तुम्हाला यायचा की तुम्ही एस्कलेशनवर होता. तिकिटं कुठल्या प्रणालीत नोंदवायचात तेही त्याच ओळीत. जाहिरातीत याला एकच शब्द असला तरी या जागेसाठी नकार देण्याचं ते सोपं कारण असतं, आणि तुमच्या ओळींत त्याचा मागमूस नाही.

क्रम असा ठेवा: वर दोन ओळींत सहा वर्षांचा अनुभव आणि त्यातलं रूटिंग, लगेच खाली सर्टिफिकेशन, वैधतेच्या तारखांसह, मग सध्याच्या नोकरीत सगळ्यात वर लिंकचं प्रकरण, त्याखाली झॅबिक्स, ओएसपीएफ, ऑन-कॉल. कौशल्यांची यादी सर्वात खाली, आणि तिच्यात तेवढंच जे वर कुठेतरी वापरलेलं दिसतं. बॅजची लिंक दिलीत तर लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये ती उघडते का ते पाहा. बॅज खासगी ठेवलेला असेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही.

अर्ज गेल्यावर पहिला फोन बहुधा तांत्रिक माणसाचा नसेल, आणि तो विचारेल, ‘सीसीएनपी आहे का?’ ‘कोअर परीक्षा पास आहे, दुसरी अमुक तारखेला आहे, आणि बीजीपीवर प्रत्यक्ष काम केलंय’ एवढं सांगून थांबा. त्याच्या यादीत ‘समकक्ष’ हा शब्द आहे, आणि त्याला तिथे खूण करता येईल इतकं हे पुरेसं आहे.